आले का?

आमच्याकडे मोदक एकवीसच्या हिशेबात खपतात, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथं आहे. साबुदाणेवडे विकले असते तर कोणी चार नेले असते, कोणी सात, कोणी चटणी जास्त मागून पाच. मोदकांना ही मुभा नाही. बाप्पाला एकवीस म्हणजे एकवीस. एक मोदक चाळीस रुपयांना, म्हणजे ऑर्डर आठशे चाळीसची. एखादं सुटसुटीत कुटुंब अकरा नेतं, ते चारशे चाळीस. त्यामुळे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या खात्यात येणारे सगळे पैसे बँडवाल्यांसारखे एकाच गणवेशात येतात. त्यातला आपला कोणता आणि तो कोणाच्या वरातीतला, हे रकमेवरून ओळखायची सोय नाही.

मी निवृत्त बँक कर्मचारी. चौतीस वर्षांतली अकरा मी 'रिकन्सिलिएशन' नावाच्या खोलीत काढली. एका शाखेने दुसऱ्या शाखेला पैसे पाठवायचे, त्याचा कागद टपालाने यायचा. कधी पैसे आधी यायचे आणि कागद तीन महिन्यांनी, कधी कागद यायचा आणि पैसे कोणाला माहीत कुठे. दोघांची गाठ घालून द्यायची, हे आमचं काम. वधूवर सूचक मंडळच ते, फक्त चहापोहे नसायचे. म्हणून बायकोने डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरातून मोदकांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पैशांचा मेळ बसवणं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. माझ्याकडून मोदकाच्या कळ्या पडत नाहीत, हेही एक कारण आहे. माझा मोदक पाहून एका शेजारणीने करंजीचा भाव विचारला होता.

२०२४ पर्यंत सगळं सोपं होतं. फ्रिजवर क्यूआर चिकटवलेला होता, लोक पैसे भरून फोन माझ्या नाकासमोर धरायचे आणि मी वहीत टिक करायचो. २०२५ मध्ये सूनबाईंनी सूत्रं हाती घेतली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन शनिवार-रविवार बसून तिने ऑर्डरचं पान तयार केलं. गिऱ्हाइकाने मोदक किती ते सांगायचं, लगेच त्याच ऑर्डरसाठी वेगळा क्यूआर समोर येणार, तो दहा मिनिटं चालणार. पैसे आले की ऑर्डर हिरवी. दहा मिनिटांत आले नाहीत की ऑर्डर लाल, शेरा 'पैसे भरले नाहीत', आणि ते एकवीस मोदक प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला.

"बाबा, आता तुम्हाला काहीच करायचं नाही," ती म्हणाली.

घरातलं माणूस असं म्हणालं की मी डायरीला नवीन पान उघडतो.

वेगळा क्यूआर म्हणजे काय, हे मी तिच्याकडून समजून घेतलं. फ्रिजवरच्या क्यूआरमध्ये फक्त आमचा पत्ता असतो. हे पैसे कशाचे, ते त्यात नाही. पानावरच्या क्यूआरमध्ये रक्कम असते आणि ऑर्डरचा क्रमांकही. ते चौकोनी जाळं उलगडलं की आत साधी एक ओळ निघते:

```
upi://pay?pa=xxxx@xxxx&pn=Modak&am=840.00&cu=INR&tr=MDK0147
```

`pa` म्हणजे पैसे कोणाला, `am` म्हणजे किती, आणि शेवटचा `tr` म्हणजे आमचा ऑर्डर क्रमांक. हा `tr` पैशांबरोबर प्रवास करतो आणि परत येताना सांगतो की मी १४७ नंबरच्या ऑर्डरचा. आठशे चाळीसच्या त्या बँडमध्ये प्रत्येकाच्या छातीवर नंबर लावल्यासारखं. मला हे फार आवडलं. आमच्या खोलीत असं काही असतं तर माझा चष्म्याचा नंबर निम्मा राहिला असता.

पण त्यात एक गोम आहे, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. पैसे एका रस्त्याने येतात आणि पैसे आल्याची बातमी दुसऱ्या. गिऱ्हाईक पिन टाकतं, त्याच्या बँकेतून रक्कम वजा होते, मधल्या एनपीसीआयच्या यंत्रणेतून आमच्याकडच्या बँकेत जमा होते, मग 'जमा झाली' हे उत्तर त्याच वाटेने उलटं जातं. हे झालं पैशांचं. आम्हाला ते कळवतं कोण, तर मधली पेमेंट कंपनी. तिचा सर्व्हर आमच्या पानाचं दार ठोठावतो आणि सांगतो, १४७ चे आले. याला वेबहुक म्हणतात. दार उघडलं नाही तर तो निघून जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. तरी नाही उघडलं तर आणखी जास्त वेळाने येतो. म्हणजे अगदी आमच्या जुन्या पोस्टमनसारखा, फरक इतकाच की हा शेजाऱ्यांकडे ठेवून जात नाही.

२६ ऑगस्ट २०२५, हरितालिका. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. घरात बायको, तिची बहीण आणि आणखी चौघी ओट्याभोवती होत्या. आमची कमाल मर्यादा एक हजार मोदकांची होती आणि संध्याकाळी सातपर्यंत ती भरत आली होती. मी लॅपटॉपसमोर बसून हिरव्या ओळी पाहत होतो. बघता बघता माझ्या लक्षात आलं की पानावर सगळीकडे 'उकडिचे मोदक' असं लिहिलंय. डि ऱ्हस्व.

मी सूनबाईंना हाक मारली. ती म्हणाली, "बाबा, उद्या करू." मी म्हणालो की शेकडो लोक हे वाचताहेत आणि त्यांत माझे दोन माजी मॅनेजर आहेत. ती बिचारी पिठाचे हात धुऊन आली, आठ वाजून दहा मिनिटांनी तिने वेलांटी दीर्घ केली आणि पान पुन्हा चढवलं. पुढच्या अर्ध्या तासात जे काही घडलं, त्याला ती एक वेलांटी कारणीभूत आहे. हे कुटुंबात अजून पुरतं जाहीर झालेलं नाही.

झालं असं. पेमेंट कंपनी निरोप आणते तेव्हा त्यावर एक गुप्त शिक्का असतो. आमचं पान आपल्याकडच्या किल्लीने तो शिक्का पडताळतं, नाहीतर कोणीही उठून 'माझे पैसे आले' असं खोटं सांगून मोदक नेईल. घाईत पान चढवताना ती किल्ली मागे राहिली. पान दिसायला ठणठणीत. क्यूआर दाखवतंय, लोक पैसे भरताहेत, वेलांटी दीर्घ आहे. फक्त प्रत्येक निरोप्याला ते दारातून हाकलतंय, 'तुझा शिक्का खोटा' म्हणून. आणि दहा मिनिटं झाली की ऑर्डर लाल.

साडेआठला पहिला फोन आला. मग दुसरा. पुढच्या पंधरा मिनिटांत लाल ऑर्डरी सात झाल्या. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आले का?" मी म्हणालो, "नाही." दीड मिनिटाने पुन्हा, "आले का?" मी म्हणालो, "विचारून लवकर येत नाहीत."

या बाबतीत मी कोरडा उपदेश करत नव्हतो. त्याच वर्षी १२ एप्रिलला देशभर यूपीआय कित्येक तास अडखळलं होतं, आणि त्याचं कारण असं निघालं की काही बँका 'त्या व्यवहाराचं काय झालं' ही विचारणा यंत्रणेकडे भरमसाट करत होत्या. म्हणजे खरे व्यवहार बाजूला राहिले आणि 'आले का, आले का' यातच यंत्रणेला धाप लागली. त्यानंतर बँकांना ताकीद मिळाली की पहिली विचारणा किमान नव्वद सेकंदांनी करा, आणि शक्यतो दोन तासांत तीनदाच. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी बँक नाही," आणि पुन्हा विचारलं.

पावणेनऊला सूनबाईंना किल्ली सापडली. पान आता निरोप स्वीकारायला तयार होतं, पण निरोपे परत गेलेले. पुढची खेप कधी, ते कंपनीच्या वेळापत्रकावर. पहिल्या खेपा थोड्या थोड्या अंतराने, नंतर अंतर वाढत जातं. तेवढ्यात त्या सात ऑर्डरींचे १४७ मोदक प्रतीक्षा यादीतल्यांनी घेऊन टाकलेले, पैसे भरून, हिरवे.

"आता?" सूनबाई म्हणाली.

इथे मला तरुण झाल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, निरोपाची वाट बघायची नाही. निरोप हा उपकार आहे, हिशेब नव्हे. कंपनीकडून आजच्या सगळ्या जमा रकमांची यादी माग, ती एका हाताला, आपल्या ऑर्डरी दुसऱ्या हाताला. तिने यादी उतरवून स्प्रेडशीटमध्ये उघडली. प्रत्येक व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकाच्या जागी एकच मजकूर होता: `5.23846E+11`. ओळीने सगळीकडे. माझ्या पोटात गोळा आला. आधी रकमा सारख्या, आता क्रमांकही सारखे? सूनबाई हसली. स्प्रेडशीटला अकरापेक्षा जास्त आकडे दिसले की ती लाजून ते आखडून दाखवते, मूळ आकडा आत शाबूत असतो. रकान्याचा प्रकार बदलला आणि क्रमांक उलगडले. माझा रक्तदाब उतरायला थोडा जास्त वेळ लागला.

मग आम्ही सात लाल ऑर्डरी एकेक करून घेतल्या.

चार तर लगेच सापडल्या. यादीत `tr` चा रकाना होता, त्यात आमचेच क्रमांक. पैसे आठ वाजून पंधरा ते आठ पस्तीसच्या दरम्यान व्यवस्थित जमा, निरोप तेवढा दारातून परतलेला. या चौघांना आम्ही 'पैसे भरले नाहीत' असा शेरा मारला होता, आणि त्यांनी तर पैसे भरून पानावर 'धन्यवाद' येण्याची वाट पाहिली होती. त्यांतल्या एका बाईंनी लाल शेरा वाचला, स्वतःचीच काहीतरी चूक झाली असेल असं समजून नवीन ऑर्डर केली आणि पुन्हा आठशे चाळीस भरले. दुसरी हिरवी झाली, कारण तोवर किल्ली सापडली होती. त्यांच्या नावावर आता एक लाल, एक हिरवी आणि सोळाशे ऐंशी रुपये.

पाचवी ऑर्डर पहिल्या मजल्यावरच्या काकांची. ते जातीने वर आले, फोन पुढे धरला आणि म्हणाले, "हा घ्या पुरावा." हिरवं टिकचिन्ह, आठशे चाळीस, आमचं नाव. नातवाने अक्षरं मोठी करून दिल्यामुळे पडद्यावर निम्मंच दिसत होतं, त्यातून काढलेला स्क्रीनशॉट, तारीख कापलेली. यादीत मात्र काका कुठेच नाहीत. बायको म्हणाली, "अहो, काका खोटं बोलतील का?" काका खोटं बोलत नव्हतेच. मी बारा आकडी क्रमांक पाहिला. तो ४२५० ने सुरू होत होता.

आता ही गोष्ट मी कुठल्याही समारंभात सांगायला तयार असतो. या क्रमांकाचा पहिला आकडा बहुधा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. २६ ऑगस्ट २०२५ हा वर्षातला २३८ वा दिवस, म्हणून आजचे सगळे क्रमांक ५२३८ ने सुरू होत होते. ४२५० म्हणजे २०२४ चा २५० वा दिवस. लीप वर्ष होतं. बोटांवर मोजलं: ६ सप्टेंबर. २०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. काका गेल्या वर्षीचे पैसे दाखवत होते. भाव आम्ही वाढवला नव्हता, त्यामुळे रक्कमही तीच.

"काका, हे गेल्या वर्षीचे मोदक," मी म्हणालो.

"ते तर खाऊन झाले," काका म्हणाले आणि फोनकडे संशयाने बघू लागले. नातवाने फोटोंमध्ये 'मोदक' असं शोधून जो पहिला सापडला तो दिला होता. यंदाचे पैसे भरायचे राहूनच गेले होते. त्यांनी तिथल्या तिथे भरले.

सहावी ऑर्डर एका तरुणाची. फोन केला तर म्हणाला, "स्कॅन केला होता की!" स्कॅन केला होता, रक्कम दिसली होती, तेवढ्यात आईचा फोन आला. पिन टाकायचा राहिला, पैसे त्याने मग भरले. त्याच्या मते स्कॅन हेच मुख्य काम, बाकीचं यंत्र बघून घेतं. सात लाल ऑर्डरींमध्ये ज्यांच्याबाबत लाल शेरा अगदी खरा होता असे हा आणि काका, दोघेच. आणि दोघांचीही पैसे भरल्याची खात्री बाकीच्यांपेक्षा जास्त होती.

सातवी ऑर्डर बी विंगमधल्या वहिनींची, आणि तिने मला खऱ्या अर्थाने जागं ठेवलं. त्यांच्या खात्यातून आठशे चाळीस वजा झालेले, बँकेचा संदेश हातात, क्रमांक ५२३८ ने सुरू होणारा. आमच्या यादीत ते पैसे नाहीत. त्यांच्या ॲपमध्ये लिहिलंय, प्रक्रिया सुरू आहे. म्हणजे किल्लीचा प्रश्न नव्हता, वेलांटीचाही नव्हता. पैसे खरोखरच वाटेत होते.

असं होतं तेव्हा काय घडलेलं असतं, ते जुन्या बँकवाल्याला कळायला वेळ लागत नाही. देणाऱ्याच्या बँकेने वजा केले. घेणाऱ्याच्या बँकेला 'जमा कर' असं सांगितलं. तिने वेळेत उत्तरच दिलं नाही. केले असतील, नसतीलही. अशा व्यवहाराला यूपीआयच्या भाषेत 'डीम्ड अप्रूव्ह्ड' म्हणतात, मंजूर झाला असे समजावे. मला हा शब्दप्रयोग ऐकून भरून आलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी सरकारी पत्राच्या भाषेत बोललं. पुढे घेणाऱ्याची बँक आपली वही तपासून एकतर 'जमा केले' असं कळवते किंवा पैसे परत पाठवते. त्याला तास लागतील, दिवस लागतील. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: दुकानदाराला पैसे देताना खात्यातून वजा झाले पण दुकानदाराकडे पुष्टी पोचली नाही, तर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत व्हायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. मी हे वहिनींना सांगत असताना त्यांचे यजमान मागे उभे राहून ऐकत होते. 'शंभर रुपये' म्हटल्यावर ते पुढे आले.

मी वहिनींना एकच विनंती केली: कृपा करून आता पुन्हा भरू नका. पहिले पोचले तर दोनदा होतील.

"मग मोदक?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न परिपत्रकात नाही. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाप्पा काय पाच दिवस थांबणारेत? दीड दिवसाचा गणपती आहे त्यांच्याकडे."

हिशेब असा झाला. लाल सात, त्यांतली सहा जिवंत झाली, कारण दोनदा पैसे भरणाऱ्या बाईंची दुसरी ऑर्डर आधीच धरलेली होती. सहा गुणिले एकवीस, एकशे सव्वीस. हे मोदक आमच्या हजारात नव्हते, ते केव्हाच दुसऱ्यांना विकले गेले होते. रात्री दहाला मी आणखी दोन किलो पिठी आणि दहा नारळ आणायला निघालो. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं होतं. पैसे रोख दिले. त्या रात्री क्यूआर पाहायची माझी इच्छा नव्हती.

परत आलो तर नवीनच तमाशा. अकराच्या सुमाराला परतलेले निरोपे एकेक करून यायला लागले होते, आणि त्यांतला एक निरोप दोनदा आला. कंपन्या हे मुद्दाम करतात. न पोचण्यापेक्षा दोनदा पोचलेला बरा, असा त्यांचा हिशेब. आमच्या पानाने इमानेइतबारे दोन्ही वेळा ऑर्डर हिरवी केली आणि स्वयंपाकघरातल्या यादीत त्या माणसापुढे बेचाळीस मोदक लिहिले. मेहुणी अडतिसावा मोदक वळत असताना आम्ही तिला थांबवलं. सूनबाईंनी रात्रीच दुरुस्ती केली: प्रत्येक पेमेंटचा क्रमांक आधी नोंदवायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर मान डोलवून 'मिळालं' म्हणायचं, पण काही करायचं नाही. लग्न झालेल्या माणसाला ही युक्ती वेगळी शिकावी लागत नाही.

दुसरी दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून झाली. मी म्हणालो, तुझ्या पानाला दोनच रंग आहेत, तिथेच चूक आहे. दहा मिनिटांत आपल्याला कळलं नाही, याचा अर्थ त्यांनी भरले नाहीत असा होत नाही. आमच्याकडे यासाठी सस्पेन्स खातं होतं. ज्या पैशांचं गोत्र कळलेलं नाही ते तिथे बसायचे. सूनबाईंनी तिसरा रंग आणला, हळदीचा पिवळा. दहा मिनिटं संपली की ऑर्डर पिवळी होते आणि मोदक लगेच दुसऱ्याला दिले जात नाहीत. पान स्वतःहून कंपनीला विचारतं, दीड-दीड मिनिटाच्या अंतराने तीनदा. बँकांचं ते बंधन आम्हाला लागू नव्हतं, पण मला ते पटलं होतं. 'अयशस्वी' असं स्पष्ट उत्तर आलं तरच लाल. 'प्रक्रिया सुरू' आलं तर पिवळंच, आणि माणसाने लक्ष घालायचं. लाल झाल्यावरही पैसे आलेच तर लालचं हिरवं होऊ शकतं. हिरव्याचं लाल मात्र कधीच होणार नाही, कारण उशिरा येणारा एखादा जुना निरोप 'पैसे आले नाहीत' म्हणत येतो, आणि तोवर मोदक दिलेले असतात.

राहिले त्या बाईंचे जादा आठशे चाळीस. बायको म्हणाली, माझ्या फोनवरून त्यांना पाठवून देते. मी तिचा हात धरला. लग्नात धरला होता तसा नाही, वेगळ्या कारणाने. आपण आपल्या खात्यातून पाठवायचे, आणि त्याच वेळी बाईंनी त्यांच्या बँकेकडे तक्रार केलेली असली की तिकडूनही परत जायचे. मग आपलेच आठशे चाळीस मागत आपण त्यांच्या दारात. ज्या वाटेने पैसे आले त्याच वाटेने, त्याच पेमेंटच्या क्रमांकावर परत करायचे, म्हणजे नोंदीत एकाच ओळीला येणं आणि जाणं दोन्ही राहतं. बाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "राहू द्यात हो, अनंत चतुर्दशीला एकवीस घेईन ना." आता हे पैसे ना चूक, ना विक्री. हे झाले अग्रिम. मी पिवळ्यात टाकले.

चतुर्थीला बँकांना सुट्टी, त्यामुळे कंपनीकडून रक्कम बँकेत जमा झाली ती २८ तारखेला, आणि तीही एकरकमी, फी आणि फीवरचा अठरा टक्के जीएसटी कापून. म्हणजे बँकेच्या पासबुकात ना आठशे चाळीस, ना चारशे चाळीस, फक्त एक अवजड, विषम, पैशांतला आकडा. तो जुळवायला दुपार गेली. विक्री वजा फी वजा कर, बरोबर जमा. जुळलं. अकरा वर्षं मी ज्या क्षणासाठी जगत असे तो हा क्षण. मी चहा मागितला. घरात मोदक वळून थकलेल्या सहा बायका झोपल्या होत्या, तेव्हा तो मीच केला.

संध्याकाळी वहिनी आल्या. त्यांचे पैसे दुपारी खात्यात परत आले होते. यजमान खट्टू होते. कॅलेंडरवर त्यांनी ३१ तारखेला गोल केला होता आणि शंभराची मोजणी एक सप्टेंबरपासून धरली होती. वहिनींनी मात्र मोदक खाल्ले म्हणून पैसे आणले होते. क्यूआर दाखवू का विचारलं तर हात जोडून नको म्हणाल्या, आणि पाकिटातून पाचशेची एक, शंभराच्या तीन आणि वीसच्या दोन अशा नोटा मोजून टेबलावर ठेवल्या.

मी मोजल्या. आठशे चाळीस. लॅपटॉप उघडला. वहिनींची ऑर्डर पिवळी होती. पैसे परत गेल्याचा निरोप नुकताच आला असावा, कारण माझ्या डोळ्यांसमोर ती लाल झाली: पैसे भरले नाहीत. मी हिरवं करायला गेलो. रोख पैसे आले हे सांगायची जागा त्या पानावर कुठेच नव्हती. सूनबाई ऑफिसात. फोन केला तर म्हणाली, "बाबा, रविवारी करते."

वहिनी दारात थांबल्या होत्या. "झालं ना?" त्यांनी विचारलं.

आतून बायकोचा आवाज आला, "आले का हो?"

माझ्या एका हातात आठशे चाळीस रुपये होते आणि समोर लाल ओळ. "वहिनी," मी म्हणालो, "जरा बसता का?"